नव्या सरांचा वाढदिवस: ‘आमचा वर्ग’ लिहावं की ‘आपला वर्ग’?

प्रश्न: बाई, मी नववीची मॉनिटर. शाळा खानापूर तालुक्यात, मराठी माध्यमाची. जूनमध्ये कन्नडचे नवे सर आलेत, बैलहोंगलकडचे. त्यांना मराठी समजतं, हिंदीमुळे वाचताही येतं, बोलताना मात्र अडखळतात. पुढच्या बुधवारी त्यांचा वाढदिवस आहे असं शिपाईमामांनी सांगितलं. मुलांनी लिहिलंय: ‘हॅपी बर्थडे सर! तुम्ही आमचे सर नाहीच, मोठे भाऊ आहात. तुमच्यासारखे शिक्षक आम्हाला आजवर मिळाले नाहीत. आपण आम्हाला असेच प्रेम देत राहा आणि लवकर लग्नाचे लाडू द्या. सदैव तुमचेच, नववी अ.’ मला ते कसंतरीच वाटतंय, पण मी लिहायला बसले की रजेच्या अर्जासारखं होतं. सर कडक आहेत, तरी आवडतात. रोज फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक कन्नड शब्द आणि त्याच्यासारखाच मराठी शब्द लिहितात. ‘हुडुकु’ आणि ‘हुडकणे’ निघालं तेव्हा सगळा वर्ग हसला होता. मराठीत लिहू की कन्नडमध्ये?

उत्तर:

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं तू शेवटी, जाता जाता लिहिलंयस. फळ्याचा डावा कोपरा. तुमचा सगळा मजकूर त्या कोपऱ्यातून निघणार आहे, बाकीचं फक्त नीट मांडायचं आहे.

बेळगाव भागातल्या शाळांमध्ये तीसेक वर्षं मी मराठी शिकवलं. निरोपाची मानपत्रं, शिक्षक दिनाचे फलक, वाढदिवसाची कार्डं, सगळं मुलांकडून लिहून घेतलं आणि तपासलं. नव्या शिक्षकाला लिहिताना मुलांचं एकच चुकतं. जिव्हाळा दाखवायचा म्हणून ती नातं जोडायला जातात. भाऊ, बाप, दैवत, मित्र असे शब्द येतात. दोन महिन्यांत जे नातं झालेलंच नाही ते कागदावर आलं की वाचणारा माणूस अवघडतो. कडक सरांना तर त्यावर काय बोलावं तेच कळत नाही. नातं लिहायच्या ऐवजी तुम्ही काय पाहिलं ते लिहा. ‘तुम्ही भावासारखे’ हे कोणीही कोणालाही लिहील. ‘तुम्ही फळ्याच्या कोपऱ्यात शब्द लिहिता आणि आम्ही ते बघतो’ हे फक्त तुमचा वर्गच लिहू शकतो, आणि त्यात सलगीही होत नाही.

आता मुलांच्या मजकुरातली वाक्यं एकेक बघू.

‘तुमच्यासारखे शिक्षक आजवर मिळाले नाहीत’ हे वाक्य आधी काढा. अशी कार्डं टेबलावर राहतात, शिक्षकांच्या खोलीत हातोहात फिरतात. तुम्हाला आठवीत ज्यांनी कन्नड शिकवलं ते माणूस तिथंच बसलेलं असतं. माझ्याच एका शाळेत, तिचं नाव नको, नव्या बाईंच्या वाढदिवसाला मुलींनी मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं की विज्ञान आता कुठं कळायला लागलं. आदल्या वर्षापर्यंत विज्ञान शिकवणाऱ्या बाई बाजूच्याच खुर्चीवर होत्या. वर्गशिक्षिका मी होते आणि तो कागद वाचायच्या आधी मी पाहिला नव्हता, ही चूक माझी. त्या बाई काही बोलल्या नाहीत. नव्या बाईंनी मात्र ते कार्ड घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि आभारही नीट मानले नाहीत. मुलींना कळेना की आपलं काय चुकलं. तुलना करून केलेलं कौतुक ज्याला मिळतं त्यालाच जड जातं.

लग्नाचे लाडू काढाच. वय, लग्न, गाव सोडून इथं एकटं राहणं, जेवणाचा डबा, गाडी, दिसणं, यातलं काहीही वर्गाच्या पत्रात येऊ नये. घरची माणसं आणि बरोबरीचे सहकारी ते बोलतील. तुम्ही सरांना ज्या खोलीत पाहता, त्या खोलीत घडलेलंच लिहा.

‘असेच प्रेम देत राहा’ हे वाक्य वरवर गोड दिसतं, पण त्याचं क्रियापद बघ. ‘द्या’, ‘राहा’, ‘शिकवत राहा’, ‘हसत राहा’ ही सगळी आज्ञार्थाची रूपं. धाकट्यानं मोठ्याला शुभेच्छा देताना आज्ञार्थ वापरला की नकळत हक्क सांगितल्यासारखं होतं. मराठीत यासाठी वेगळं रूप आहे, ते आपल्या तोंडात असतं पण लिहिताना आठवत नाही: ‘लाभो’, ‘मिळो’, ‘होवो’. ‘निरोगी राहा’ म्हणजे सांगणं, ‘उत्तम आरोग्य लाभो’ म्हणजे मागणं, आणि तेही त्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी. आशीर्वाद देण्याचा मान मोठ्यांचा. धाकट्यानं प्रार्थना करावी. म्हणून ‘शुभेच्छा देतो’ यातला ‘देतो’सुद्धा मी मुलांना गाळायला लावत असे. ‘वाढदिवसानिमित्त मनःपूर्वक शुभेच्छा’ एवढ्यावर वाक्य थांबलं तरी पुरतं. ‘अभीष्टचिंतन’ हा शब्दही बरोबर आहे, पण मराठी नव्यानं वाचणाऱ्या माणसाला तो अडेल. तुमच्या सरांसाठी ‘शुभेच्छा’च ठेवा. कन्नडमधल्या ‘शुभाशय’च्या तो जवळ बसतो.

आता सर्वनामांकडे येते. इथं जरा थांबून वाच, कारण ऊब आणि अंतर दोन्ही इथंच सांभाळलं जातं.

मुलांनी एका वाक्यात ‘तुम्ही’ लिहिलंय आणि पुढच्यात ‘आपण’. हे जवळजवळ प्रत्येक कार्डात होतं. ‘आपण’ जास्त आदराचं वाटतं म्हणून मध्येच घुसतं. पण तुम्ही वर्गात सरांना ‘आपण’ म्हणता का? ‘सर, तुम्ही काल सांगितलं होतं की’ असंच म्हणता. तोंडात ‘तुम्ही’ आणि कागदावर ‘आपण’ आलं की तुला वाटतो तो अर्जाचा वास तिथूनच येतो. ‘तुम्ही’त आदर कमी नाही. शेवटपर्यंत ‘तुम्ही’च ठेव.

याचा आणखी एक मोठा फायदा आहे. ‘आपला’ हा शब्द त्यामुळे मोकळा राहतो. मराठीत ‘आमचा’ आणि ‘आपला’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आमचा वर्ग’ म्हटलं की बोलणारे आत आणि ऐकणारा बाहेर. ‘आपला वर्ग’ म्हटलं की ऐकणाराही आत येतो. ‘सर, तुम्ही आमच्या वर्गात आलात’ या वाक्यात सर अजून दारात उभे आहेत. ‘सर, तुम्ही आपल्या वर्गात आलात’ यात ते आत येऊन खुर्चीवर बसलेत. भाऊ म्हणायला नको, लाडके म्हणायला नको, एका शब्दाचा फरक, आणि दोन महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाला तुम्ही आपल्यात धरलंत. आदरार्थी ‘आपण’ वापरत राहिलीस तर मात्र ‘आपला वर्ग’चा अर्थ ‘तुमचा वर्ग’ असा लागू शकतो आणि ही सगळी मजा जाते. म्हणून सरांसाठी ‘तुम्ही’, आणि ‘आपला’ फक्त तुम्ही आणि सर मिळून जे आहे त्याच्यासाठी.

कन्नडमध्ये या दोन्हींना ‘नम्म’ हा एकच शब्द चालतो. त्यामुळे सरांना हा फरक पहिल्या वाचनात जाणवेलच असं नाही. जाणवला आणि त्यांनी विचारलं, तर फळ्याच्या कोपऱ्यासाठी एक नवा धडा मिळाला समजा.

पण सगळीकडे ‘आपलं’ करू नकोस. जे फक्त मुलांचं आहे तिथं ‘आम्ही’च हवं: ‘आम्हाला भीती वाटायची’, ‘आम्ही घरी शब्द हुडकतो’. विद्यार्थी म्हणून तुमची जागा या ‘आम्ही’नं राखली जाते. वर्ग आपला, भीती आमची, फळा आपला, चुका आमच्या. हे एकदा कानाला बसलं की पुढं अडणार नाही.

भाषेचं विचारलंस. मजकूर मराठीतच असू दे, कारण तुमचं मन मराठीत आहे आणि सरांना वाचता येतं. शेवटी एक ओळ कन्नडमध्ये, कन्नड लिपीत लिहा. सगळं पत्र कन्नडमध्ये लिहाल तर ती शुद्धलेखनाची वही होईल. सर चुका मोजतील असं नाही, पण त्या दिसल्याशिवाय राहणार नाहीत, आणि तुम्हीही मोजून मापून, जपून लिहाल. एक ओळ मात्र तुम्ही बिनचूक लिहू शकता, आणि ती त्यांच्याच तासातून शिकलेली असेल.

ती ओळ अशी: ‘हुट्टुहब्बद हार्दिक शुभाशयगळु’. इथं देवनागरीत दिली आहे, कार्डावर कन्नड अक्षरांत उतरवायची. मराठी मुलं चुकतात ती ओत्तक्षरांवर. ‘हुट्टु’मधला दुसरा ट आणि ‘हब्ब’मधला दुसरा ब कन्नडमध्ये खाली लटकवून लिहितात. घाईत ते खालचं चिन्ह राहतं आणि शब्दाचं ‘हुटुहब’ होतं. ‘हार्दिक’मधल्या रफाराचंही तसंच, आपल्यासारखा तो डोक्यावर बसत नाही, त्याची जागा पुस्तकात बघून घ्या. ‘शुभाशयगळु’त शेवटी ळ आहे, ल नव्हे, आणि तो एकच शब्द आहे, मध्ये तोडायचा नाही.

या ओळीत ‘तुम्हाला’ येत नाही, म्हणूनच ती निवडली. ‘तुम्हाला’ घालायचाच झाला तर ‘निमगे’ लिहावं लागेल. ‘निनगे’ म्हणजे ‘तुला’. एका अक्षरानं सर तुमचे वर्गमित्र होतील. ही चूक मी दोनदा प्रत्यक्ष पाहिली आहे, दोन्ही वेळा कार्डावर, स्केचपेननं, ठळक. तपासायला सरांकडे जाता येणार नाही हे उघड आहे. शेजारचं कन्नड माध्यमात शिकणारं एखादं मूल गाठ, किंवा शाळेतल्या दुसऱ्या कन्नड जाणणाऱ्या शिक्षकांना दाखव. आधी पेन्सिलनं, मग शाईनं.

त्याच शिक्षकांना तारखेचंही विचारून घे. आपल्याकडे कितीतरी माणसांच्या दाखल्यावर १ जून ही तारीख आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. तुमच्या सरांचा ऑगस्टमधला वाढदिवस बहुधा खराच असेल, पण काही जण घरी तिथीनं करतात, काही जण करतच नाहीत. वर्गात साजरा केलेला त्यांना चालेल का, हे बरोबरीच्या माणसाला माहीत असतं. मुख्याध्यापकांच्या कानावरही घाल.

आता मजकूर. तुझ्या चार ओळींवरून मी असा बांधला आहे:

> आदरणीय सर,
> सविनय नमस्कार.
>
> जूनपासून आपल्या फळ्याचा डावा कोपरा एकही दिवस रिकामा राहिलेला नाही. ‘तुप्प’ आणि ‘तूप’, ‘अक्का’ आणि ‘अक्का’, ‘हुडुकु’ आणि ‘हुडकणे’. कन्नडच्या तासाला आम्हाला आधी भीती वाटायची. आता आम्ही घरीसुद्धा असे शब्द हुडकतो, आणि सापडले की उद्या सरांना सांगू म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो.
>
> वाढदिवसानिमित्त तुम्हाला मनःपूर्वक शुभेच्छा. तुम्हाला उत्तम आरोग्य आणि समाधान लाभो, ही प्रार्थना.
>
> हुट्टुहब्बद हार्दिक शुभाशयगळु.
>
> तुमचे विद्यार्थी,
> इयत्ता नववी ‘अ’

यातलं जे खरं नसेल ते बदल. मुलं वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहीत नसतील तर ते वाक्य काढ. ‘तुप्प’ कोपऱ्यात आला नसेल तर जो आला तो लिही. कार्डातली एक गोष्ट जरी घडलेली नसेल तरी सरांना ती लगेच कळेल, कारण ते त्याच खोलीत होते. आणि वर्गात कोण काय म्हणालं ते लिहिताना एखाद्या मुलाची फजिती त्यात येत नाही ना, तेवढं बघ. ‘हुडकणे’ला सगळे मिळून हसले म्हणून ते चालतं. कोणा एकाला हसले असते तर मी ते घेतलं नसतं.

‘हुडकणे’च्या जागी कोणी पुस्तकी म्हणून ‘शोधणे’ करायला सांगेल. ऐकू नकोस. पुण्याकडच्या पुस्तकात ‘शोधणे’ असेल. तुमच्या घरात, खानापूरच्या बाजारात माणसं हुडकतात, आणि बैलहोंगलच्या सरांच्या घरातही जवळजवळ तेच क्रियापद आहे. सगळं पत्र त्या एका शब्दावर उभं आहे.

‘आदरणीय’ पुरे. ‘तीर्थरूप’ घरच्या वडीलधाऱ्यांना लिहितात, ‘परमपूज्य’ फार होतं, आणि ‘प्रिय सर’ कडक माणसाला दोन महिन्यांत जरा लवकर होतं. पुढच्या वर्षी, दहावीच्या निरोपाला, ‘प्रिय’ लिहिलंत तर शोभेल. शेवटी ‘सदैव तुमचेच’ नको, ‘आज्ञाधारक’ही नको, ते अर्जातलं आहे आणि नववीच्या बाबतीत रोज खरंही नसतं. ‘तुमचे विद्यार्थी’ यात काय हवं ते सगळं येतं.

लिहून झालं की एक परीक्षा घे. नववी ‘ब’मधल्या कोणाला मजकूर वाचून दाखव, ‘सर’ आणि कन्नडची ओळ वगळून. हे कोणासाठी आहे असं विचार. ‘कुठल्याही सरांना चालेल’ असं उत्तर आलं तर अजून विशेषणं शिल्लक आहेत, ती काढ. मग स्वतःशी वाच, पण मुख्याध्यापक ऐकताहेत असं समजून. जिथं आवाज खाली जाईल तिथं सलगी झाली आहे.

कार्डशीट एक पुरतं. मजकूर आतल्या उजव्या पानावर, सगळ्यांच्या सह्या डावीकडे, हजेरीच्या क्रमानं. त्या दिवशी गैरहजर असेल त्याची जागा मोकळी ठेव आणि नंतर घे. नाव वगळलेलं मूल ते वर्षभर विसरत नाही. सहीशेजारी कोणीही वेगळी ओळ किंवा बदाम काढायचा नाही, हे आधीच स्पष्ट सांग. पत्र वर्गाचं आहे, त्यात कोणा एकाचा आवाज वर आला की बाकीच्यांना आणि सरांना दोघांनाही अवघड होतं. वर्गणी, केक, तोंडाला क्रीम फासणं, बेळगावहून कुंदा मागवणं, यातलं काही नको. सरांना त्यावर एक तर रागवावं लागेल नाही तर गप्प बसावं लागेल. कोणाच्या परड्यातलं एखादं फूल कार्डावर ठेवलं तर हरकत नाही.

रात्री बारा वाजता सरांच्या मोबाइलवर मेसेज पाठवू नका, एकानंही नाही. कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकायचा की नाही ते सर ठरवतील. सकाळी प्रार्थना झाली, हजेरी झाली, की उठून उभी राहा आणि ‘सर, दोन मिनिटं देता का?’ असं विचार. हो म्हणाले तर वाचायचं. वाचणारं एकच मूल असावं. ‘आपल्या फळ्याचा’ इथं किंचित जोर. कन्नडची ओळ सगळ्यांनी मिळून म्हणा, मोठ्यानं, एकदाच. मग कार्ड दोन्ही हातांनी टेबलावर ठेवायचं, हातात कोंबायचं नाही, आणि जागेवर जाऊन पुस्तक उघडायचं.

सर कदाचित नुसतं ‘बरं’ म्हणतील आणि कार्ड हजेरीपटात ठेवून शिकवायला लागतील. आवडलं नाही असं त्यावरून धरू नका. नव्या गावात, नीट बोलता न येणाऱ्या भाषेत, अवचित आलेल्या अशा गोष्टीला काय उत्तर द्यावं हे पटकन सुचत नाही. दुसऱ्या दिवशी ‘सर, कार्ड कसं वाटलं?’ असं विचारू नका.

आणि एक. फळा सजवायचा मोह मुलांना होणारच. सजवा, उजवीकडे रांगोळीच्या खडूनं वेल काढा, मध्ये ‘शुभेच्छा’ लिहा. डावा कोपरा मात्र कोरा, स्वच्छ पुसून ठेवा. त्या दिवशीचा शब्द सरांना लिहायचा आहे.